कोरफडीच्या जेलमधे फिनॉक्सीइथेनॉल कशाला, आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ म्हणजे नेमकं काय

प्रश्न: मी गंगापूर रोडला राहते, घरच्या कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी वापरून फेस जेल करते आणि ओळखीत विकते. त्यात व्हिटॅमिन ई घालते आणि फ्रिजमधे ठेवा म्हणून सांगते. बायका विचारतात यात फिनॉक्सीइथेनॉल नाही ना, मग मी डबीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ लिहू का? आणि बाजारातली तसंच लिहिलेली जेल वर्षभर टिकते ती कशी?

उत्तर:

ताई, आधी थेट सांगते. लिहू नका, आणि प्रिझर्व्हेटिव्ह घालायला लागा. व्हिटॅमिन ई ते काम करत नाही, फ्रिज पण पुरत नाही. मी सातपूरला एका छोट्या कॉस्मेटिक युनिटमधे बरीच वर्षं फॉर्म्युलेशन बघते आणि हीच चूक मी स्वतः केलेली आहे, ती खाली सांगतेच, पण आधी कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

आपण नाशिकची माणसं, द्राक्षांवरूनच बघू. द्राक्षाचा घड घरात उघडा ठेवला तर चार-सहा दिवसात देठापाशी बुरशी धरते, आणि त्याच द्राक्षाचा बेदाणा केला की तो डब्यात वर्षभर राहतो. साखर तीच, फळ तेच, फक्त पाणी गेलं. बॅक्टेरिया असो की बुरशी, तिला वाढायला मोकळं पाणी लागतं, म्हणजे साखरेने किंवा मिठाने धरून न ठेवलेलं पाणी. मधात पाणी असतं पण ते साखरेने असं घट्ट धरलेलं असतं की त्यात काही वाढत नाही, आणि त्याच मधात पाणी मिसळून ठेवा, आंबायला लागतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नको म्हणून आपल्या आज्या ओरडायच्या त्याचं कारणही हेच. या मोकळ्या पाण्याला लॅबमधे वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, 0 ते 1 असं मोजतात, साधारण 0.6 च्या खाली काहीच वाढत नाही आणि बहुतेक बॅक्टेरियांना 0.9 च्या वर लागतं. तुमच्या जेलचं 0.98-0.99 च्या आसपास असणार, म्हणजे जवळजवळ साधं पाणीच, वर त्यात कोरफडीतली साखरेसारखी द्रव्यं, म्हणजे खायची पण सोय झाली. थोडं ग्लिसरीन घातलं म्हणून हा आकडा फारसा हलत नाही, तो खाली आणायचा तर निम्म्याच्या वर ग्लिसरीन घालावं लागेल आणि मग ते चिकट जेल तोंडाला कोणी लावणार नाही.

म्हणून नुसत्या तेलाच्या सीरमला, मेणाच्या लिप बामला, साबणाच्या वडीला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही (साबणात तर अल्कली इतकी असते की कोणी टिकत नाही) आणि जेल, लोशन, क्रीम, टोनर, फेसवॉश या सगळ्याला लागतं. साखरेचा स्क्रब मधे येतो, करताना त्यात पाणी नसतं पण बाथरूममधे ओले हात जातात, म्हणून त्यालाही घालावं असं माझं मत आहे.

आता व्हिटॅमिन ई. ते तेल खवट होऊ नये म्हणून असतं. तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं, ती वेगळी गोष्ट, आणि पाण्यात जंतू वाढणं वेगळी गोष्ट, दोन्हीला आपण ‘खराब झालं’ म्हणतो म्हणून गल्लत होते. रोझमेरी एक्स्ट्रॅक्टचंही तसंच, बाजारात मिळतो तो बहुतेक तेल टिकवायलाच असतो. ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून विकतात, त्याचे बाजारातले नमुने तपासले तेव्हा अनेकांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखे कृत्रिम जंतुनाशक सापडले होते, म्हणजे काम करत होतं ते बीचं सत्त्व नव्हतं.

आणि फ्रिजने वाढ हळू होते, थांबत नाही. पाण्यात राहणारे काही सुडोमोनास जातीचे बॅक्टेरिया 4 डिग्रीलाही वाढतात. शिवाय डबी तुमच्या फ्रिजमधून निघाली की पर्समधे, मग गाडीच्या डिकीत, एप्रिलात नाशिकला पारा कुठे जातो तुम्हाला माहीतच आहे, आणि मग रोज दोनदा बोट बुडणार.

माझी गोष्ट सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी गुलाब-कोरफडीचं जेल करून दिलं, 50 ग्रॅमच्या साठ डब्या. तेव्हा मी नोकरीत नवीन होते आणि घरच्या वस्तूत केमिकल नको असं मलाही वाटायचं, म्हणून व्हिटॅमिन ई आणि तेच ग्रेपफ्रूट सीडवालं. जानेवारीत थंडी, दोन-तीन आठवडे सगळं मस्त. फेब्रुवारीत जाऊबाईंचा फोन, अगं तुझं जेल पातळ झालंय. मी जाऊन बघितलं तर डबीच्या कडेला पाणी सुटलेलं, जेल बोटाने उचलली की तार धरत होती आणि झाकणाच्या आतून ओल्या फडक्यासारखा वास. पीएच 5.5 ठेवला होता तो 4.6 वर आलेला. घट्टपणा गेला कारण जेलला घट्ट करणारा जो गम असतो तोच जंतू खात होते, आणि खाऊन आम्ल सोडत होते म्हणून पीएच उतरला. इथपर्यंत वाईट वाटलं पण घाबरले नाही. घाबरले ते पुढे.

माझ्याकडे स्वतःसाठी ठेवलेली एक न उघडलेली डबी होती, तिचा रंग, वास, घट्टपणा अगदी पहिल्या दिवसासारखा. तिच्यातलं थोडं जेल डिप स्लाइडला लावलं. डिप स्लाइड म्हणजे प्लास्टिकची छोटी पट्टी, दोन्ही बाजूला जंतूंना वाढायला खाद्य असलेला आगरचा थर, एका बाजूला बॅक्टेरियासाठी आणि दुसऱ्या बाजूला बुरशी-यीस्टसाठी. नमुना लावून साधारण 30 डिग्रीला ठेवायची, बॅक्टेरिया दोन-तीन दिवसात लाल ठिपके म्हणून दिसतात, बुरशीला पाच दिवस द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर ठिपके मोजण्यासारखे नव्हतेच, अख्खी पट्टी लालभडक. आणि डबी दिसायला स्वच्छ! पाणी गढूळ दिसायला एका मिलीलीटरमधे साधारण एक कोटी बॅक्टेरिया लागतात, त्यामुळे ग्रॅमला पाच-दहा लाख असले तरी जेल काचेसारखं दिसू शकतं, आणि कॉस्मेटिकला चालणारी मर्यादा आहे ग्रॅमला 1000, डोळ्याजवळच्या आणि लहान मुलांच्या प्रॉडक्टला 100. मी साठ घरी फोन करून डब्या फेकायला लावल्या.

म्हणून कोणी म्हणतं ना ‘माझं तर सहा महिने काही झालं नाही’, तेव्हा माझा एकच प्रश्न असतो, मोजलं होतं का? बऱ्याच जणींना काही होत नाही हे खरंय, धडधाकट त्वचा बरंच अडवते. पण थ्रेडिंग करून आल्यावर लावलं, फुटलेल्या पिंपलवर लावलं, डोळ्यात गेलं, किंवा घरात कोणाची केमो चालू असेल आणि तिने लावलं, तर सुडोमोनास एरुजिनोसासारखा जंतू खेळायचा विषय नाही, तो डोळ्याच्या बुबुळाला फार वेगाने इजा करतो.

आता फिनॉक्सीइथेनॉल. हा किंचित तेलकट, बिनरंगाचा द्रव, गुलाबाच्या जवळ जाणारा मंद वास असतो. कारखान्यात फिनॉल आणि इथिलीन ऑक्साइडपासून बनतो. नाव ऐकून बायका घाबरतात हे मी रोज बघते. युरोपच्या शास्त्रीय समितीने 2016 मधे याचा सगळा अभ्यास तपासून 1 टक्क्यापर्यंत मोठ्यांना आणि मुलांनाही सुरक्षित आहे असं मत दिलंय आणि तिथल्या कायद्यात मर्यादा तीच, 1 टक्का. फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेने मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी हे नको असा जास्त सावध पवित्रा घेतलाय, कारण तिथली त्वचा ओली, झाकलेली, बरेचदा सोललेली असते आणि शोषण वाढतं. मला तो सावधपणा पटतो, बाळाच्या वस्तू तुम्ही करूच नका. मोठ्यांमधे ॲलर्जी होते पण क्वचित, जास्त तक्रार असते ती डोळ्याजवळ किंवा एक्झिमावर चुरचुरण्याची, म्हणून ज्यांची त्वचा तशी आहे त्यांना कोपराच्या आत दोन-तीन दिवस लावून बघायला सांगा.

त्याची एक उणी बाजू पण माहीत पाहिजे. बॅक्टेरियावर, त्यातही त्या सुडोमोनासवर, हे चांगलं चालतं पण यीस्ट आणि बुरशीवर एकटं जरा कमी पडतं. म्हणून बाजारात ते इथाइलहेक्झिलग्लिसरीनबरोबर मिसळलेलं मिळतं, 90 भाग फिनॉक्सीइथेनॉल आणि 10 भाग ते दुसरं, जे जंतूच्या पेशीचं आवरण सैल करतं आणि फिनॉक्सीइथेनॉलला आत शिरायला वाट करून देतं. तुमच्यासाठी हेच मिश्रण बरं.

तुमच्या जेलची 500 ग्रॅमची बॅच मी कशी करेन ते सांगते. पहिलं म्हणजे ताजा गर सोडून द्या. मला माहितीये तुमची सगळी हौस त्यातच आहे, पण बागेतल्या पानाबरोबर मातीतले जे बीजाणू येतात ते उकळूनही मरत नाहीत आणि प्रिझर्व्हेटिव्हलाही दाद देत नाहीत, आणि गर स्वतः तासातासाला बदलतो, आज तपकिरी उद्या गुलाबी. त्याऐवजी 200 पट घट्ट केलेली कोरफडीची पावडर घ्या, 2.5 ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का घातली की ती अख्ख्या बॅचला कोरफडीच्या रसाइतकी होते. डिस्टिल्ड वॉटर 362 ग्रॅम, गुलाबपाणी 100 ग्रॅम, ग्लिसरीन 25, झँथन गम 5, डायसोडियम ईडीटीए अर्धा ग्रॅम, आणि ते 90-10 चं मिश्रण 5 ग्रॅम. ईडीटीए घालायला विसरू नका, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, सुडोमोनाससारख्यांचं बाहेरचं कवच त्यावरच उभं असतं, ते काढून घेतलं की प्रिझर्व्हेटिव्हचं काम सोपं होतं.

पाणी आणि गुलाबपाण्यात ईडीटीए विरघळवून, झाकून 80 डिग्रीला वीस मिनिटं ठेवा, उडालेलं पाणी परत वजन करून भरा. गम ग्लिसरीनमधे कालवून मग पाण्यात सोडा म्हणजे गुठळ्या होत नाहीत. 40 डिग्रीच्या खाली आलं की कोरफडीची पावडर आणि सगळ्यात शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह. इथे सगळ्या नवख्या बायका चुकतात. हे पाण्यापेक्षा जड असतं आणि पाण्यात फार थोडं विरघळतं, जेमतेम अडीच टक्के, त्यामुळे नुसतं ओतून दोनदा चमचा फिरवला तर ते तळाशी जाऊन बसतं. काचेच्या बीकरमधे खालून बघा, तळाला पारदर्शक तेलकट मणी दिसतील. तसंच भरलं तर वरच्या डब्यांत प्रिझर्व्हेटिव्ह नावालाच आणि शेवटच्या डबीत इतकं की तोंडाची आग होईल. मी गम कालवतानाच थोडं ग्लिसरीन बाजूला ठेवते, त्यात हे मिसळून मग जेलमधे घालते आणि पंधरा मिनिटं हळू ढवळत राहते. शेवटी पीएच बघून, लागलं तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचे थेंब टाकून 5 ते 5.5 वर आणायचा. फिनॉक्सीइथेनॉलला स्वतःला पीएचचं फार काही नाही, सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट वापरणार असाल तर मात्र पीएच 5 च्या वर गेला की ते जवळपास झोपतात, हे लक्षात ठेवा.

किचनचा वजनकाटा यासाठी चालत नाही. त्यात एक ग्रॅमचा फरक सहज पडतो. 5 च्या जागी 6 ग्रॅम गेलं तर फिनॉक्सीइथेनॉल 5.4 ग्रॅम होतं, म्हणजे 1.08 टक्के, मर्यादेच्या वर, आणि 4 गेलं तर 0.72 टक्के, तेवढ्यावर जेल तरेल की नाही हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा. थेंब मोजून किंवा चमच्याने तर मुळीच नाही. आणि उद्या याच जेलमधे तेल घालून लोशन करायचं मनात आलं तर हाच आकडा पुरेल असं धरू नका, फिनॉक्सीइथेनॉल बरंचसं तेलात निघून जातं आणि जंतू राहतात पाण्यात, तेल मिसळायला पॉलिसॉर्बेट वापरलं तर तेही याला धरून बसतं.

तोंड उघड्या डबीपेक्षा पंपाची बाटली घ्या. प्रत्येक बॅचची एक बाटली बाजूला ठेवून पहिल्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी डिप स्लाइड करा, पीएच लिहून ठेवा. पण यावरून बॅच करताना स्वच्छ होती एवढंच कळतं, रोज बोट बुडल्यावर काय होईल ते कळत नाही. त्यासाठी लॅबमधे चॅलेंज टेस्ट असते, मुद्दाम ग्रॅमला लाखांनी बॅक्टेरिया, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि 7, 14, 28 दिवसांनी किती उरले ते मोजतात. कडक निकषात बॅक्टेरिया सात दिवसात हजार पटीने कमी व्हायला लागतात आणि परत वाढायला नकोत. विक्रीला उतरणार असाल तर फॉर्म्युला पक्का झाला की एकदा ही करून घ्या. आणि ओळखीत विकलं तरी ती विक्रीच असते, 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे उत्पादनाचं लायसन्स एफडीएकडून घ्यावं लागतं, ते आधी बघा.

आता बाजारातली ती बाटली. तिच्या मागची यादी वाचा, समोरचा शब्द सोडा. बहुतेक वेळा तिथे 1,2-हेक्झेनडायॉल, कॅप्रिलिल ग्लायकॉल, पेंटिलीन ग्लायकॉल, हायड्रॉक्सीॲसिटोफिनोन, पी-ॲनिसिक ॲसिड, फिनेथिल अल्कोहोल यातली दोन-तीन नावं सापडतील. ही सगळी जंतू रोखतात. फक्त कायद्यात ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून जी यादी असते तिच्यात ही नाहीत, कागदोपत्री ही ओलावा धरणारी किंवा सुगंधी द्रव्यं. म्हणजे राखणदार आहे, त्याच्या ओळखपत्रावर वेगळं काम लिहिलंय. वस्तू वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी पण ही वापरते, नीट चॅलेंज टेस्ट झालेली असली तर उत्तम चालतात, पण जास्त प्रमाणात घालावी लागतात आणि यातल्या काही संवेदनशील त्वचेला फिनॉक्सीइथेनॉलइतक्याच चुरचुरतात. शब्द मात्र गिऱ्हाइकाची दिशाभूल करतो. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत असं सांगितलंय की जंतूंपासून राखणारा घटक यादीबाहेरचा असला तरी आत असेल तर साधारणपणे ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ लिहू नये. खरोखर विनाप्रिझर्व्हेटिव्ह पाण्याच्या वस्तू पण असतात, निर्जंतुक करून एकदाच वापरायच्या कुपीत भरलेल्या किंवा आत हवाच जाऊ न देणाऱ्या खास पंपातल्या, पण त्याला लागणारी यंत्रं आपल्या घरात नाहीत.

आणि यादीत पाणी किंवा कोरफडीचा रस पहिला, यातलं एकही नाव नाही, अल्कोहोल भरपूर नाही, आणि तरी वर्षभर टिकतं असा दावा, तर मी ती वस्तू तोंडाला लावणार नाही.

‘पॅराबेन फ्री’ हा आणखी वेगळा शब्द, त्याचा अर्थ फक्त पॅराबेन नाहीत, दुसरं काहीतरी असतंच. पॅराबेनची भीती पसरली तेव्हा कितीतरी जणांनी ते काढून मिथाइलआयसोथायझोलिनोन घातलं आणि त्याने ॲलर्जीची इतकी प्रकरणं झाली की युरोपने 2017 पासून लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमधे त्याला बंदी केली. जुनं, नीट तपासलेलं द्रव्य नुसत्या भीतीने टाकलं आणि जास्त त्रासाचं आत आलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक छोटी खूण सांगते, तुमच्या गिऱ्हाइकांनाही दाखवा. यादीत 1 टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, खालचे कसेही. फिनॉक्सीइथेनॉल 1 टक्क्याच्या वर घालताच येत नाही, म्हणजे यादीत त्याच्या नंतर जे जे येतं ते सगळं 1 टक्का किंवा कमीच. कोणी ‘केशरयुक्त’ म्हणून विकत असेल आणि केशर त्याच्या मागे असेल तर किती केशर आहे ते कळलं.

बायकांनी विचारलं की सरळ सांगा, हो आहे, 0.9 टक्के, मर्यादा 1 ची आहे, आणि नसतं तर ही बाटली मी तुम्हाला दिली नसती. डबीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’च्या जागी पूर्ण यादी, बॅच नंबर, केल्याची तारीख आणि ‘उघडल्यापासून तीन महिन्यांत वापरा’ लिहा.

आत्ता फ्रिजमधे ज्या डब्या आहेत त्या कोणाला देऊ नका. त्यातल्या दोन घ्या, एक फ्रिजमधेच ठेवा, दुसरी ओट्यावर आठवडाभर, आणि दोन्हीच्या डिप स्लाइड करा. पट्टी तपासून झाली की ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवून मगच कचऱ्यात टाका, उघडून वास घेऊ नका.